चकलीचा तीनशेवा किलो

माल सगळा खपला, तरी हातात काही उरलं नाही, ही घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या अनेकींची तक्रार असते. वहीत विक्री लिहिलेली असते, खर्चही लिहिलेला असतो. पण महिन्यातल्या कितव्या किलोपर्यंत आपण फक्त भाडं आणि पगार भागवत होतो आणि कमाई नेमकी कुठून सुरू झाली, ते वहीवरून कळत नाही. ते सांगणारं गणित वाणिज्य शाखेत 'ना नफा ना तोटा बिंदू' या नावाने शिकवतात. बोलताना सगळे ब्रेक-इव्हनच म्हणतात. त्याचं सूत्र एका ओळीचं आहे. खरं काम सूत्राच्या आधी असतं, आणि ते म्हणजे खर्चाची वाटणी.

भाजणीची चकली करून दुकानांना पुरवणारा एक छोटा उद्योग उदाहरणाला घेऊ. एक मालकीण, हाताखाली दोन मदतनीस. पाकीट एक किलोचं, किंमत ४०० रुपये. (आकडे गणित सोपं जावं म्हणून मी बेतलेले आहेत.)

आता प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारायचा: उद्या एक किलो चकली जास्त केली, तर हा खर्च वाढेल का? गाळ्याचं भाडं १२,००० रुपये वाढणार नाही. दोघी मदतनिसांचा पगार मिळून २०,०००, तोही वाढणार नाही, कारण तो महिन्याचा ठरलेला आहे. त्याच बायकांना किलोमागे पैसे दिले असते, तर तोच खर्च दुसऱ्या रकान्यात गेला असता. म्हणजे खर्चाचं नाव पाहून भागत नाही, तो कशाच्या हिशेबाने द्यावा लागतो ते पाहायचं. यंत्राचा घसारा २,५०० रुपये. विजेचं बिल मात्र दोन्हीकडचं असतं. त्यातला स्थिर आकार मशीन बंद असलं तरी येतो, युनिटांचे पैसे मशीन चालेल तसे वाढतात. म्हणून स्थिर आकार, फोन आणि किरकोळ मिळून १,५०० रुपये इकडे धरू. एकूण स्थिर खर्च झाला महिन्याला ३६,००० रुपये.

किलोमागे वाढणारा, म्हणजे बदलता खर्च असा: भाजणी १०५ रुपये, तेल ९०, गॅस आणि युनिटांची वीज ३०, पाकीट आणि लेबल १५, आणि दुकानदाराचं दहा टक्के कमिशन ४०. एकूण २८० रुपये.

विक्री किंमत ४०० वजा बदलता खर्च २८०, उरले १२० रुपये. पुस्तकात याला अंशदान म्हणतात. हे १२० म्हणजे नफा नव्हे. ते आधी भाडं-पगाराच्या खात्यात जमा होतात, आणि ते खातं भरलं की पुढचे १२० खऱ्या अर्थाने आपले. ३६,००० ला १२० ने भागलं की ३०० येतात. तीनशेवा किलो विकला जाईपर्यंत उद्योग तोट्यात आहे, तीनशेव्याला हिशेब बरोबर शून्यावर येतो. रुपयांत सांगायचं तर १,२०,००० रुपयांची विक्री.

विद्यार्थी इथे बऱ्याचदा ३६,००० ला ४०० ने भागून ९० किलो लिहून मोकळे होतात. उत्तर तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही. ९० किलोची विक्री ३६,००० रुपये, पण त्याच ९० किलोंचा बदलता खर्च २५,२००, आणि स्थिर खर्च वेगळाच. शून्य कुठेच येत नाही. ३०० किलोला विक्री १,२०,०००, बदलता खर्च ८४,०००, स्थिर खर्च ३६,०००: बेरीज जुळते. परीक्षेत हा ताळा उत्तराखाली मांडायची सवय लावावी.

या उद्योगाची विक्री महिन्याला ४०० किलो आहे असं धरू. ब्रेक-इव्हनच्या वर राहिलेले १०० किलो म्हणजे सुरक्षितता सीमा. रुपयांत ती ४०,००० आणि एकूण विक्रीच्या २५ टक्के. अर्थ असा की विक्री पाव हिश्शाने घसरली तरी तोटा होणार नाही. ४०,००० हा मात्र नफा नाही, ती विक्री आहे. नफा त्या १०० किलोंच्या अंशदानाएवढा, १२,००० रुपये.

आता सणासाठी दहा टक्के सूट द्यायची ठरली. किंमत ३६० झाली. कमिशन टक्क्यांत असल्यामुळे तेही ३६ वर आलं आणि बदलता खर्च २७६ झाला. या चार रुपयांचा बदल उदाहरण सोडवताना हमखास निसटतो. अंशदान उरलं ८४. ३६,००० भागिले ८४ म्हणजे ४२८.५७; अर्धवट पाकीट विकता येत नाही आणि ४२८ पाकिटांत खर्च पुरता भागत नाही, म्हणून उत्तर नेहमी वरच्या पूर्णांकाला न्यायचं, ४२९ किलो. किंमत दहा टक्क्यांनी उतरली, पण अंशदान तीस टक्क्यांनी गेलं आणि ब्रेक-इव्हन १२९ किलोंनी पुढे सरकला. ४०० किलो विकणारी बाई आता तोट्यात आहे.

सूट देऊनही पूर्वीचा १२,००० नफा हवा असेल, तर स्थिर खर्चात तो मिळवून भागायचं: ४८,००० भागिले ८४, म्हणजे ५७२ किलो. कागदावर हे उत्तर बरोबर आहे. पण दोघी मिळून महिन्याला ४५० किलोच तळू शकत असतील, तर तिसरी मदतनीस ठेवावी लागेल. तिचे १०,००० स्थिर खर्चात आले की ५८,००० भागिले ८४ करून आकडा ६९१ किलोंवर जातो. स्थिर खर्च एका मर्यादेपर्यंतच स्थिर असतो, आणि ती मर्यादा उदाहरणात छापलेली नसते. धंद्यात ती आपणच ओळखायची असते.

वरच्या हिशेबात एक खर्च मी मुद्दामच घेतलेला नाही. मालकीण पहाटेपासून पीठ मळते, दुकानांत माल पोचवते, उधारी वसूल करते. तिचा पगार कुठेच नाही. घरचंच काम म्हणून तो बहुतेक वह्यांतून वगळला जातो, आणि मला हे अन्यायाचं वाटतं. मदतनिसाएवढेच १०,००० रुपये तिच्या नावाने स्थिर खर्चात धरा. सूट नसतानाही, ४६,००० भागिले १२० म्हणजे ब्रेक-इव्हन ३८४ किलो. ४०० किलो विक्रीवर सुरक्षितता सीमा उरली १६ किलो, चार टक्के. पंचवीस टक्के दिसत होती, त्यातला मोठा भाग तिच्या न मोजलेल्या श्रमांचा होता. दोन दुकानांनी महिनाभर माल घेतला नाही, तरी ती संपेल. भाव वाढवायचा की दुकानदाराशी कमिशनबद्दल बोलायचं, हे ठरवताना तिने ३०० चा नव्हे, ३८४ चा आकडा समोर ठेवावा.