दर लाखी गुन्हे : आकडा कसा वाचावा?

वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘अमुक जिल्ह्यात गुन्हे वाढले’, ‘अमुक राज्य तमुक राज्याच्या पुढे’. आपल्या सीमाभागात तर अशा मथळ्यांची चर्चा लगेच ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ अशी होऊ लागते. मुलीला शिक्षणासाठी बेळगावला ठेवावे की कोल्हापूरला, निपाणीचे स्थळ पाहावे की नको, असे घरातले निर्णयही कित्येकदा एवढ्याशा मथळ्यावर होतात. त्यामागचा आकडा कसा तयार होतो आणि तो वाचताना कोठे चूक होते, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. शाळेतले त्रैराशिक ज्याला येते त्याला हे सर्व समजेल.

प्रथम मूळ गोष्ट घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालाप्रमाणे २०२२ साली महाराष्ट्रात खुनाचे २,२९५ व कर्नाटकात १,४०४ गुन्हे नोंदले गेले. नुसत्या आकड्यांवरून महाराष्ट्र पुष्कळच पुढे वाटतो. परंतु त्या वर्षी महाराष्ट्राची अंदाजी लोकसंख्या सुमारे १,२५० लाख आणि कर्नाटकाची सुमारे ६७० लाख होती. गुन्ह्यांच्या संख्येला लाखांनी भागले की दर लाख माणसांमागचे प्रमाण मिळते. महाराष्ट्राचे ते १.८ येते आणि कर्नाटकाचे २.१. म्हणजे क्रम उलटला! लोकसंख्येने भागल्याशिवाय दोन प्रदेशांची तुलना करू नये, ती याचसाठी.

पण येथेच थांबून ‘पलीकडे अधिक सुरक्षित’ असे म्हणणे ही दुसरी चूक होय. १.८ ही मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतची सरासरी आहे आणि २.१ ही बिदरपासून म्हैसूरपर्यंतची. कागल व निपाणी यांत काय फरक आहे, याविषयी ती काहीच सांगत नाही. वर्गाच्या सरासरी गुणांवरून शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचे गुण कळत नाहीत, तसेच हे.

बरे, मग राज्य सोडून जिल्हा घेऊ. भागाकारात वरचा आकडा ज्या हद्दीचा, खालची लोकसंख्याही त्याच हद्दीची हवी. बेळगावात नेमकी येथेच फसगत होते. २०१४ साली बेळगाव शहरासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले. तेव्हापासून ‘बेळगाव शहर’ आणि ‘बेळगाव जिल्हा’ अशा दोन नोंदी अहवालात निरनिराळ्या येतात. ‘जिल्हा’ या नोंदीत शहर धरलेले नसते. उलट २०११ च्या जनगणनेतील बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या, ४७ लाख ७९ हजार, ही शहरासह आहे.

एक कल्पित उदाहरण पाहा. समजा, आयुक्तालयाच्या हद्दीत ८ लाख लोक व ४०० चोऱ्या आहेत; उरलेल्या जिल्ह्यात ४० लाख लोक व ८०० चोऱ्या आहेत. घाईत कोणी ‘जिल्हा’ या नोंदीतील ८०० घेऊन सबंध जिल्ह्याच्या ४८ लाखांनी भागले, तर उत्तर सुमारे १६.७ येईल. शेजारच्या जिल्ह्याचे प्रमाण २२ असेल तर बेळगाव त्याहून शांत ठरेल. खरा हिशेब १,२०० भागिले ४८, म्हणजे २५ आहे. बेळगाव शेजाऱ्याच्या वर गेले. चोरी एकही वाढली नाही, फक्त भागाकार बदलला. शिवाय २५ मध्येही दोन चित्रे लपली आहेत : शहराचे ५० आणि बाकीच्या जिल्ह्याचे २०. मुलगी शहरात राहणार असेल तर पालकाच्या उपयोगाचा आकडा पहिला, सरासरीचा नव्हे.

जुन्या काळाशी तुलना करतानाही हद्द पाहावी लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, मात्र चंदगड तालुका त्यातून निघून मुंबई राज्यातच राहिला व कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. नाव एकच असले तरी १९५१ चा बेळगाव जिल्हा आणि १९६१ चा बेळगाव जिल्हा हे एक नव्हेत.

आता निपाणी घ्या. २०११ साली गावची लोकसंख्या ६२,८६५ होती, म्हणजे एक लाखही नाही. अशा ठिकाणी वर्षात एक खून झाला तर प्रमाण सुमारे १.६ होते, तीन झाले तर ४.८, आणि एकही न झाल्यास शून्य. एका वर्षी शेताच्या बांधावरून एका घरात दोन जीव गेले, की ‘निपाणीत खुनाचे प्रमाण राज्याच्या दीडपट’ असा मथळा सहज निघेल. पुढच्या वर्षी तेच गाव देशात आदर्श ठरेल. गाव तेच, माणसे तीच. याला उपाय म्हणजे पाच वर्षे एकत्र घेणे. समजा पाच वर्षांत अनुक्रमे ०, २, १, ३, ० असे सहा खून झाले. सहाला पाच पट लोकसंख्येने, म्हणजे ३.१४ लाखांनी, भागले की १.९ येते. हा आकडा विश्वासाचा. शून्य किंवा ४.८ यांवरून मत बनवू नये.

निपाणीची आणखी एक गोष्ट आहे. पुणे-बंगळूर महामार्ग येथून जातो, बाजारालाही बाहेरगावची माणसे येतात. परगावच्या प्रवाशाचा खिसा येथे कापला गेला, तर गुन्हा निपाणीच्या नावावर चढतो. तो प्रवासी मात्र खालच्या लोकसंख्येत नसतो. चोरही कदाचित परगावचाच असतो. सबब हे प्रमाण त्या जागी नोंदलेल्या गुन्ह्यांचे आहे, तेथे राहणाऱ्यांच्या स्वभावाचे नव्हे. त्यावरून कोणत्याही गावाला, मोहल्ल्याला किंवा जमातीला नाव ठेवणे हिशेबातच बसत नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. अहवालात घडलेले गुन्हे नसतात, नोंदलेले असतात. खून सहसा लपत नाही, म्हणून खुनाची तुलना बरीचशी भरवशाची. चोरी, छेडछाड, घरातील मारहाण यांचे तसे नाही. जेथे बाई निर्भयपणे ठाण्यात जाते आणि अंमलदार तिची फिर्याद लिहून घेतो, तेथे आकडा वाढतो. जेथे तिला समजूत घालून परत पाठवतात, तेथे तो कमी राहतो. दारू-मटक्याच्या खटल्यांचे प्रमाण तर धाडी किती पडल्या यावर असते. त्यातून महाराष्ट्रात दारूचे खटले १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली व कर्नाटकात १९६५ च्या अबकारी कायद्याखाली होतात. एकाच कृत्याला दोन्हीकडे निराळा नियम. सर्व गुन्ह्यांची एकत्र बेरीज करून सीमेच्या दोन बाजू जोखणे म्हणूनच फोल आहे.

तेव्हा पुढचा मथळा दिसला की चार प्रश्न विचारावेत. गुन्हा कोणता? दोन्ही आकडे एकाच हद्दीचे आहेत काय? वर्षे किती धरली? आणि हा गुन्हा तेथे नोंदला जातो काय? मुलीच्या वसतिगृहाची निवड करताना चौथ्या प्रश्नाचे उत्तर अहवालात मिळणार नाही. त्यासाठी तेथे राहून आलेल्या मुलींना आणि त्यांच्या आयांनाच विचारले पाहिजे.