पत्र नंतर, आधी हिशेब मागा

नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून जुन्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला अडवला, की बहुतेक जण एचआरला विनवण्या करू लागतात. 'नवी कंपनी मागे लागली आहे, कृपया लवकर द्या.' अशा मेलमधून समोरच्याला एवढेच कळते, की आपण घाईत आहोत. भांडण पैशांचे असते, तेव्हा आधी हिशेब मागावा.

समजा, नेमणूकपत्रात 60 दिवसांची नोटीस आहे आणि माणूस 38 दिवस काम करून बाहेर पडला. 22 दिवस कमी पडले. एकूण पगार 60,000 रुपये, त्यात बेसिक 30,000. कंपनी एकूण पगार धरून 44,000 मागते. बेसिक धरले तर 22,000 होतात. नेमणूकपत्रात 'बेसिक' असे लिहिले असेल तर वाद तिथेच मिटतो. नुसते 'सॅलरी' लिहिले असेल, तर दोघेही आपापला अर्थ काढतात. शिल्लक रजा नोटिशीत वळती करता येते का, हेही त्याच कागदात किंवा रजेच्या नियमांत बघावे. दहा दिवस वळते झाले तर बेसिकच्या हिशेबाने 12,000च उरतात.

हिशेब मागणाऱ्या मेलमध्ये राजीनाम्याची तारीख, तो स्वीकारल्याचा मेल, कामाचा शेवटचा दिवस आणि लॅपटॉप-ओळखपत्र परत केल्याची पोच द्यावी. मग नोटिशीचे कलम जसेच्या तसे उतरवून फुल अँड फायनलचा आकडा कसा काढला ते लेखी विचारावे. नवी नोकरी अडली असेल तर हरकत नोंदवून रक्कम भरणे कधी कधी शहाणपणाचे ठरते. पण 'ही रक्कम मिळताच पत्र देऊ' असे आधी लिहून घ्यावे.

दोन पत्रांची मागणी मात्र वेगवेगळी करावी. रिलीव्हिंग लेटर म्हणजे कंपनीने मोकळे केल्याची कबुली. तिथे नोटिशीचा मुद्दा काढायला कंपनीला जागा आहे. अनुभवाचा दाखला फक्त कोणत्या पदावर, कधीपासून कधीपर्यंत काम केले ते सांगतो. नोटीस अपुरी राहिली म्हणून केलेले काम पुसले जात नाही, हे मेलमध्ये सरळ लिहावे.

उत्तर आलेच नाही तर वकिलाची नोटीस. कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला कामगार आयुक्तालयाची वाट आहे. व्यवस्थापक पदावरच्याला बहुधा दिवाणी न्यायालयाचीच, आणि ती लांबची.

तोवर नव्या एचआरपासून काही लपवू नये. राजीनामा स्वीकारल्याचा मेल, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि पीएफचे पासबुक दिले, तर बऱ्याच कंपन्या रिलीव्हिंग लेटरसाठी मुदत देतात. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती यूएएन पोर्टलवर, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने, स्वतःच भरता येते.