एका दिवसात लाखाचे बावीस हजार

आबा चाळीसेक वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. शेअर बाजार समजून घ्यायचा म्हणून ते नातीपुढे वही घेऊन बसले. ती वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. आबांचा पहिलाच प्रश्न होता, "भाव ठरवतं कोण?"

तिने मोबाइलवर एका शेअरच्या मागण्या दाखवल्या. एकीकडे घेणाऱ्यांचे भाव, दुसरीकडे विकणाऱ्यांचे. दोन्ही जुळले की सौदा होतो, आणि शेवटच्या सौद्याचा भाव तोच बाजारभाव. कंपनीच्या पुढच्या कमाईबद्दल लोकांचा अंदाज बदलला, की हे आकडे हलतात.

"मग एकच चांगली, मोठी कंपनी निवडून लाखभर तिच्यातच घातले तर?"

"आबा, सत्यमही चांगलीच वाटायची."

सत्यम कॉम्प्युटर्स सेन्सेक्समधल्या ३० कंपन्यांपैकी एक होती. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातला घोटाळा पत्र लिहून कबूल केला. बँकेतली शिल्लक म्हणून दाखवलेले पाच हजार कोटींहून अधिक रुपये मुळात नव्हतेच. आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपयांवर असलेला शेअर ४० वर बंद झाला.

आबांनी वहीत मांडलं. सगळा लाख सत्यममध्ये असता, तर उरले असते साधारण २२,३००. तोच लाख दहा कंपन्यांत सारखा वाटला असता, तर सत्यमच्या दहा हजारांचे २,२३० झाले असते. पण त्या दिवशी सेन्सेक्सही सुमारे सव्वासात टक्के पडला होता. बाकीच्या नऊ कंपन्या तेवढ्याच पडल्या असं धरलं, तर नव्वद हजारांचे ८३,५०० होतात. एकूण ८५,७०० च्या आसपास. तोटा आहेच, पण सोसण्यासारखा. आबांच्या ध्यानात आलं की हिशेबाच्या वह्याच खोट्या असतील, तर बाहेरून कितीही अभ्यास केला तरी तो उपयोगाचा नाही.

दहा बँकांचे शेअर घेतले म्हणजे पैसा विभागला, असंही होत नाही. कर्जं बुडू लागली की त्या बहुधा एकदमच खाली येतात. आणि सगळा बाजारच कोसळला, तर शेअरमधली विभागणीही पुरत नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात ८ हजारांखाली उतरला होता. म्हणून आबांनी औषधपाण्याचे आणि येत्या काही वर्षांत लागणारे पैसे मुदत ठेवीतच ठेवले. उरलेल्यातून निफ्टीच्या ५० कंपन्यांत पैसे घालणारा एक इंडेक्स फंड घेतला. माझ्या मते, निवृत्त माणसासाठी हे शहाणपणाचं आहे.

तुमच्याकडे तीन-चार फंड असतील, तर प्रत्येकाची दर महिन्याला जाहीर होणारी कंपन्यांची यादी शेजारीशेजारी ठेवून पाहा. त्याच कंपन्या पुन्हापुन्हा दिसल्या, तर फंड अनेक असले तरी तुमचा पैसा विभागलेला नाही.