तीन वजनांत मावणारा बिंदू

व्हिडिओ गेममधला डोंगर, गाडी किंवा माणसाचा चेहरा पडद्यावर उमटतो तो त्रिकोणांच्या रूपात. वस्तूचा पृष्ठभाग हजारो लहान त्रिकोणांत चिरलेला असतो आणि प्रत्येक त्रिकोणाची माहिती फक्त त्याच्या तीन कोपऱ्यांवर नोंदवलेली असते: इथे उजेड इतका, तिथे रंग असा. मधल्या पिक्सेलांसाठी कुणी काहीच लिहून ठेवलेलं नसतं. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक पिक्सेलपाशी दोन प्रश्न सोडवावे लागतात. हा पिक्सेल त्रिकोणाच्या आत आहे का? आणि असला, तर त्याचा रंग कोणता? गंमत म्हणजे दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्याच तीन आकड्यांत मिळतं.

हे आकडे संगणकाच्या कितीतरी आधीचे आहेत. लाइपझिगचे खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती आउगुस्ट फेर्डिनांड म्योबियस यांनी १८२७ साली त्यांच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. (एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीमुळे आज सगळ्यांना माहीत असलेले म्योबियस ते हेच, पण ती पट्टी बरीच नंतरची.) त्यांची कल्पना तराजूच्या घराण्यातली होती. एक बिनवजनी त्रिकोणी पत्रा घ्या आणि त्याच्या तीन कोपऱ्यांवर वजनं ठेवा. पत्रा ज्या एका बिंदूवर टेकवला असता समतोल राहील, तो बिंदू त्या वजनांनी ठरतो. उलटंही खरं आहे: बिंदू सांगा, वजनांचं प्रमाण सांगता येतं. तिन्हींची बेरीज १ धरली की प्रत्येक बिंदूला आकड्यांचं एकच त्रिकूट मिळतं. यांनाच बॅरिसेंट्रिक निर्देशक म्हणतात.

एक त्रिकोण प्रत्यक्ष घेऊ. पडद्यावर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली मोजायचं. कोपरा अ आहे (२, १) वर, ब (१०, ३) वर आणि क (४, ९) वर. आतला बिंदू प, (५, ४) वर. आता प पासून तिन्ही कोपऱ्यांकडे रेघा ओढल्या की मोठ्या त्रिकोणाचे तीन तुकडे होतात. अ चं वजन म्हणजे अ च्या समोरच्या तुकड्याचा, म्हणजे प-ब-क चा, एकूण क्षेत्रफळातला वाटा. प जसजसा अ कडे सरकतो तसतसा हा समोरचा तुकडा फुगत जातो, म्हणून वजन अ चं.

हिशेब शाळकरी आहे. प पासून ब ५ घरं उजवीकडे आणि १ घर वर, म्हणजे (५, −१). क १ घर डावीकडे आणि ५ घरं खाली, म्हणजे (−१, ५). तिरपा गुणाकार करून वजा करायचं: ५ × ५ मधून (−१) × (−१) गेले, उरले २४. ही तुकड्याच्या क्षेत्रफळाची दुप्पट. त्याच रीतीने ब चा तुकडा १८ चा, क चाही १८ चा. बेरीज ६०, आणि मोठ्या त्रिकोणाची दुप्पटही नेमकी तितकीच. म्हणजे वजनं ०.४, ०.३ आणि ०.३.

अ वर उजेड ५०, ब वर २०० आणि क वर १०० नोंदवला असेल, तर प वरचा उजेड २० + ६० + ३०, म्हणजे ११०. रंग असो, उंची असो वा तापमान, कृती हीच.

आता बिंदू बाहेर न्या, (८, ७) वर. तीच आकडेमोड केली की −१२, ३६ आणि ३६ येतात. बेरीज अजूनही ६०, पण अ चं वजन −०.२ झालं. बिंदूने ब-क ही बाजू ओलांडली, त्यामुळे प-ब-क हा तुकडा उलट्या दिशेने फिरला आणि तिरप्या गुणाकाराने ते उणे चिन्हातून कळवलं. म्योबियसच्या पत्र्यावर याचा अर्थ असा की अ वर वजन ठेवायचं नाही, तो कोपरा वर ओढायचा. तेव्हा तिन्ही आकडे अधिक असले तर बिंदू आत, एकही उणे असला तर बाहेर. शिवाय कोणत्या बाजूपलीकडे, तेही कळतं. तिन्ही उणे कधीच होत नाहीत, कारण बेरीज १ व्हायला हवी.

एक सावधगिरी मात्र हवी. कोपरे अ, क, ब अशा उलट क्रमाने घेतले तर सगळी चिन्हं पालटतात, अगदी मोठ्या त्रिकोणाचे ६० सुद्धा −६० होतात. भागाकार केला की उणे चिन्हं एकमेकांना खातात आणि वजनं जशीच्या तशी राहतात. भागाकार टाळून नुसती चिन्हं पाहणारा कार्यक्रम मात्र फसतो. तिन्ही कोपरे एका रेषेत असले तर एकूण क्षेत्रफळच शून्य. तिथे भागाकार होतच नाही, असा त्रिकोण आधीच बाजूला काढावा लागतो.

हे काम झपाट्याने होतं त्याचं कारण साधं आहे. प वरून एक घर उजवीकडे सरका: २४ चे १८ होतात, १८ चे २६, आणि उरलेल्या १८ चे १६. पुढच्या प्रत्येक घराला हाच बदल: −६, +८, −२. म्हणजे गुणाकार एकदाच, पुढे नुसती बेरीज. हुआन पिनेडा यांनी १९८८ साली हीच युक्ती मांडली आणि अनेक पिक्सेल एकाच वेळी तपासता येतात हे दाखवलं.

याच ओळीत चालत राहिलं की अ चा आकडा २४, १८, १२, ६ असा उतरत (९, ४) वर शून्याला टेकतो. बिंदू बरोबर ब-क बाजूवर आला. आत म्हणायचं की बाहेर? एकट्या त्रिकोणात फरक पडत नाही. पण त्या बाजूला शेजारचा त्रिकोण चिकटलेला असतो आणि त्याच्याही हिशेबात तिथे शून्यच येतं. दोघांनी ‘आत’ म्हटलं तर पिक्सेल दोनदा रंगतो. काच किंवा धूर यांसारख्या अर्धपारदर्शक वस्तूंवर शिवणीची गडद रेघ उमटते. दोघांनी ‘बाहेर’ म्हटलं तर बारीक भोकं दिसतात. तोडगा म्हणून एक नियम ठरलेला आहे: शून्य आलेला पिक्सेल त्रिकोणाच्या डाव्या किंवा आडव्या वरच्या बाजूवर असेल तरच तो त्याचा. ब-क ही आपल्या त्रिकोणाची उजवी बाजू, म्हणून (९, ४) शेजाऱ्याला जातो. अर्थात शून्य खरोखर शून्य असेल तरच हे जमतं. दशांशातल्या किरकोळ चुकीने ते ०.०००००१ झालं तर नियम कोलमडतो. म्हणून कोपरे आधी पिक्सेलच्या ठरावीक अंशांवर, सहसा १/२५६ वर, बसवतात आणि पुढचा हिशेब पूर्णांकांत करतात.

खरी मेख पुढे आहे. पडद्यावरचा त्रिकोण ही खोली असलेल्या त्रिकोणाची सपाट प्रतिमा असते. लांब पसरलेल्या फरशीची एक कडा घ्या: जवळचं टोक डोळ्यापासून १ मीटर खोल, दूरचं ३ मीटर. पडद्यावर या कडेचा मध्य काढला तर वजनं अर्धी-अर्धी येतात, पण तिथे दिसणारा बिंदू प्रत्यक्षात दीड मीटरवर असतो, म्हणजे जवळच्या टोकापासून फक्त पाव अंतरावर. लांबच्या गोष्टी आक्रसतात, ते या वजनांना ठाऊक नसतं. १९९४ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनने ही दुरुस्ती केलीच नव्हती. त्यामुळे त्यावरच्या खेळांत चालताना जमिनीची नक्षी वाकायची, कर्णावर मोडायची आणि हलायची.

दुरुस्ती अशी: नक्षीचा आकडा प्रत्येक कोपऱ्यावर खोलीने भागायचा, १ भागिले खोली हेही सोबत ठेवायचं, दोन्हींना पडद्यावरची वजनं लावायची आणि शेवटी पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. फरशीच्या कडेवर नक्षी ० पासून १ पर्यंत जात असेल तर मध्याला पहिला आकडा १/६ येतो, दुसरा २/३, भागाकार पाव. पण हा भागाकार प्रत्येक पिक्सेलला करणं त्या काळी महाग होतं. १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळात तो दर १६ पिक्सेलनंतर एकदाच केला जाई आणि मधल्या पिक्सेलांना साध्या वाटणीवर सोडलं जाई.