चुकलेला पर्याय कोणत्या रुग्णाचा?

मागच्या भागात हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि थायरॉइड या साखळीची रचना पाहिली. या आठवड्यात त्याच साखळीवरचे तीन बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे आहेत. सराव-पुस्तकांत उत्तराखाली बहुधा बरोबर पर्यायाचे समर्थन असते आणि उरलेल्या तिघांना ‘लागू नाही’ एवढ्यावर निरोप दिलेला असतो. माझ्या मते अभ्यासाचा खरा भाग तिथेच सुटतो. संप्रेरकांच्या प्रश्नांत चुकीचा पर्याय निखालस खोटा क्वचितच असतो. तो दुसऱ्या कोणा रुग्णाचे बरोबर उत्तर असतो. म्हणून प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: हा खरा असता, तर रिपोर्टमध्ये कोणते आकडे दिसले असते? ते आकडे मांडता आले आणि समोरच्या आकड्यांशी जुळले नाहीत, तरच तो पर्याय खोडण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.

त्यासाठी साखळीतल्या दोन गोष्टी पक्क्या हव्यात. पहिली ही की रक्तातले जवळजवळ सगळे थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, प्रथिनांना बांधलेले असते. पेशींपर्यंत पोहोचतो तो मोकळा, अत्यल्प अंश आणि त्यालाच आपण फ्री टी-४ म्हणतो. दुसरी गोष्ट अशी की पिट्युटरी या मोकळ्या अंशाबाबत कमालीची संवेदनशील असते. फ्री टी-४ निम्म्यावर आले, तर निरोगी पिट्युटरी टीएसएच दुपटीने नव्हे, शंभरपटीच्या आसपास वाढवू शकते. त्यामुळे टीएसएचचा आकडा एकटा वाचता येत नाही. शेजारचे फ्री टी-४ पाहून ‘या परिस्थितीत तो किती असायला हवा होता’ हे आधी ठरवावे लागते. पुढच्या प्रश्नांत नेहमीच्या मर्यादा अशा धरल्या आहेत: टीएसएच लिटरला ०.४ ते ४.० मिलियुनिट, फ्री टी-४ डेसिलिटरला ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम. प्रयोगशाळेनुसार त्या थोड्या बदलतात.

प्रश्न १. चौतीस वर्षांच्या स्त्रीला दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात फार रक्तस्राव झाला. त्यानंतर दूध आले नाही, पाळी सुरू झाली नाही. आता थकवा आहे, थंडी सोसत नाही. फ्री टी-४ ०.५, टीएसएच १.९. बिघाड कुठे आहे?
(अ) थायरॉइड ग्रंथीत
(ब) पिट्युटरीत
(क) थायरॉक्सिन बांधणाऱ्या प्रथिनाच्या कमतरतेत
(ड) टी-३ च्या गोळ्या घेण्यात

रिपोर्टमध्ये टीएसएचपुढे ‘नॉर्मल’ छापलेले असते, आणि या प्रश्नातला सापळा तोच आहे. (अ) खरा असता, तर ग्रंथी थकलेली पण पिट्युटरी शाबूत असती. फ्री टी-४ इतके खाली गेल्यावर त्या पिट्युटरीने टीएसएच कितीतरी पटींनी वर, समजा ६० वर, नेले असते. १.९ हा आकडा निरोगी माणसात योग्य आहे. या स्त्रीत तो हाक ऐकूनही न उठलेल्या पिट्युटरीचा पुरावा आहे. (क) चा रुग्ण अगदी वेगळा असतो. बांधणारे प्रथिन जन्मतः कमी असले, तर एकूण टी-४ कमी दिसते, पण फ्री टी-४ आणि टीएसएच दोन्ही ठीक असतात आणि रुग्णाला काही त्रास नसतो. प्रश्नात मोजलेला अंश मोकळाच आहे आणि तोच कमी आहे, म्हणून (क) बाद. (ड) हा हुशारीने घातलेला पर्याय आहे. टी-३ बाहेरून मिळाले की टीएसएच दबते, ग्रंथी विश्रांती घेते आणि फ्री टी-४ खरोखरच घसरते. पण त्या रुग्णाचे टीएसएच ०.१ च्याही खाली गेलेले असते आणि तक्रारी असतात धडधड व घाम यांच्या, थंडीच्या नव्हेत. उरतो (ब). रक्तस्रावामुळे रक्तपुरवठा तुटून पिट्युटरीचा भाग मृत होतो, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. दूध न येणे हे प्रोलॅक्टिन गेल्याचे आणि पाळी न येणे हे एलएच व एफएसएच गेल्याचे लक्षण.

इथे एक शंका रास्त आहे. पिट्युटरीच बिघडली, तर टीएसएच मर्यादेच्या खाली का नाही? कारण बिघडलेली पिट्युटरी कधी कमी टीएसएच बनवते, तर कधी पुरेसे दिसणारे पण कमी परिणामकारक टीएसएच बनवते. चाचणी रेणू मोजते, त्याचे काम मोजत नाही. म्हणून अशा रुग्णात टीएसएच कमी, ‘नॉर्मल’ किंवा किंचित वाढलेलेही सापडते. हे ओळखणे परीक्षेपुरते नाही. त्याच आघातात एसीटीएचही गेलेले असू शकते, आणि कॉर्टिसोल न तपासता थायरॉक्सिन सुरू केले, तर उरलेसुरले कॉर्टिसोल वेगाने संपून रुग्ण संकटात सापडतो. (अ) निवडणाऱ्याच्या हातून नेमके हेच होईल.

प्रश्न २. चाळीस वर्षांच्या स्त्रीला धडधड, हातांना कंप आणि वजनात घट. गळ्यात ग्रंथी हाताला लागत नाही. फ्री टी-४ ३.६, टीएसएच ०.०१ हून कमी. चोवीस तासांनी ग्रंथीने शोषलेले किरणोत्सारी आयोडीन १ टक्का. थायरोग्लोब्युलिन जवळजवळ शून्य, आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे नाहीत. कारण कोणते?
(अ) ग्रेव्हज आजार
(ब) वेदनारहित थायरॉइडदाह
(क) टीएसएच स्रवणारी पिट्युटरीची गाठ
(ड) बाहेरून घेतलेले थायरॉक्सिन

सगळ्यांत सोपा पर्याय आधी खोडू. (क) खरा असता, तर गाठीने टीएसएच सोडल्यामुळेच फ्री टी-४ वाढले असते. म्हणजे टीएसएच वाढलेले किंवा निदान मोजता येण्याजोगे दिसले असते. शून्याजवळचे टीएसएच आणि (क) एकत्र राहूच शकत नाहीत. आता (अ). ग्रेव्हजमध्ये प्रतिपिंडे टीएसएचची जागा घेऊन ग्रंथीला राबवतात, त्यामुळे टीएसएच इथल्यासारखेच दबलेले असते. पण राबणारी ग्रंथी आयोडीन ओढून घेते आणि शोषण वाढते. इथे ते १ टक्का आहे. (ब) मात्र शेवटपर्यंत टिकतो. दाह झालेली ग्रंथी नवे काही बनवत नाही, साठवलेले संप्रेरक गळू देते. म्हणून टीएसएच दबलेले, फ्री टी-४ वाढलेले आणि शोषण नगण्य. इथवर (ब) आणि (ड) यांचे रिपोर्ट हुबेहूब सारखे असतात. त्यांना वेगळे करते थायरोग्लोब्युलिन. ग्रंथी फुटून संप्रेरक गळते, तेव्हा ज्या प्रथिनात ते साठवलेले असते तेही रक्तात येते आणि त्याची पातळी चढते. गोळीतून थायरॉक्सिन आले, तर ग्रंथी झोपलेली असते आणि थायरोग्लोब्युलिन तळाला जाते. उत्तर (ड). प्रतिपिंडांचा उल्लेखही भरतीचा नाही. ती असती, तर थायरोग्लोब्युलिनची मोजणी खोटी कमी आली असती आणि (ब) खोडता आला नसता.

प्रश्न ३. थायरॉइड ग्रंथीच्या बिघाडामुळे टीएसएच ६० असलेल्या रुग्णाला थायरॉक्सिन सुरू केले. दोन आठवड्यांनी फ्री टी-४ १.१, टीएसएच १४. आता काय करावे?
(अ) मात्रा वाढवावी
(ब) मात्रा तीच ठेवून, उपचार सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावे
(क) पिट्युटरीचा एमआरआय करावा
(ड) गोळी थांबवावी

इथे वेगळी गोष्ट एकच, वेळ. टी-४ चे अर्धायुष्य साधारण सात दिवसांचे असते आणि कोणतेही औषध स्थिर पातळीला यायला चार-पाच अर्धायुष्ये जातात. शिवाय दीर्घकाळ ताणलेली पिट्युटरी त्याहूनही उशिरा शांत होते. म्हणून दोन आठवड्यांचा आकडा हा मुक्काम नसून वाटेवरचा टप्पा आहे आणि उत्तर (ब). (अ) चा रुग्ण तो, ज्याचे टीएसएच दोन महिन्यांनी, गोळ्या नीट घेऊनही, १४ आहे. (क) च्या रुग्णाचे फ्री टी-४ वाढलेले असूनही टीएसएच दबलेले नसते. इथे फ्री टी-४ फक्त मर्यादेत आले आहे. (ड) च्या रुग्णाची ग्रंथी स्वतःहून सावरलेली असते, जसे काही थायरॉइडदाहांत होते. पण गोळी चालू असताना सुधारलेले फ्री टी-४ ग्रंथी सावरल्याचे सांगत नाही, गोळी पोहोचल्याचे सांगते.

या पद्धतीवर दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा: परीक्षेत प्रत्येक पर्यायाचा रुग्ण रचायला सवड कुठे? ती नसते, हे खरे. पण हे काम परीक्षेतले नसून सरावातले आहे. वरच्या दुसऱ्या प्रश्नात फक्त थायरोग्लोब्युलिन ‘खूप वाढलेले’ केले, तर उत्तर (ब) होते. शोषण ६० टक्के केले आणि थायरोग्लोब्युलिनचा उल्लेख काढला, तर (अ). ज्याने चारही रुग्ण एकदा मांडले आहेत, त्याने प्रत्यक्षात चार प्रश्न सोडवले आहेत. ज्याने फक्त ‘ड’ पाठ केले, त्याला एक आकडा बदलला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरे रुग्ण पर्यायांत बसत नाहीत. अतिदक्षता विभागातल्या गंभीर आजारात थायरॉइड व पिट्युटरी दोन्ही निरोगी असूनही टी-३, पुढे टी-४ आणि टीएसएचही खाली येते. पहिल्या प्रश्नातले आकडे अशा रुग्णातही दिसू शकतात. तसेच केसांसाठी मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्यांत काही चाचण्या टीएसएच खोटे कमी आणि फ्री टी-४ खोटे जास्त दाखवतात आणि निरोगी माणूस ग्रेव्हजचा वाटतो. ते किमान दोन दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा केली की खरे चित्र दिसते. हा आक्षेप मान्य करूनही पद्धत मोडत नाही, उलट तिचा उपयोग इथेच कळतो. पहिल्या प्रश्नात (ब) ला बळ दिले ते आकड्यांइतकेच दूध आणि पाळीच्या इतिहासाने. प्रत्येक पर्यायाकडून अपेक्षित आकडे आणि अपेक्षित लक्षणे मागायची सवय असेल, तरच ‘ग्रेव्हजचा रिपोर्ट, पण धडधड नाही, वजन स्थिर’ ही विसंगती डोळ्यांत भरते. चारांपैकी एकही पर्याय बसत नाही, असे म्हणण्यासाठीही चौघांचे रुग्ण ठाऊक असावे लागतात.

पुढच्या भागात कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड. तोवर हा प्रश्न सोडवून ठेवा. कॅल्शियम डेसिलिटरला ११.६ मिलिग्रॅम (मर्यादा ८.५ ते १०.५), पॅराथायरॉइड संप्रेरक मिलिलिटरला ५८ पिकोग्रॅम, आणि त्यापुढे छापलेले ‘नॉर्मल’ (मर्यादा १५ ते ६५). मूत्रपिंडे ठीक, लघवीतले कॅल्शियम वाढलेले. कारण कोणते: (अ) पॅराथायरॉइडची गाठ, (ब) हाडांत पसरलेला कर्करोग, (क) ड जीवनसत्त्वाचा अतिरेक, (ड) लघवीतून कॅल्शियम कमी जाण्याचा आनुवंशिक दोष? उत्तराचे अक्षर लिहून थांबू नका. उरलेल्या तिघांसाठी कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि लघवीतले कॅल्शियम यांचे अपेक्षित आकडे वहीत मांडा. पुढच्या भागाची सुरुवात त्या तीन ओळींपासून होईल.