मेलची छपाई आणि मेलचा पुरावा

माझी मावसबहीण पुण्यात इंटिरियरची कामं करते. मागे एका ऑफिसचं काम केलं, बिल झालं ९६,००० रुपये. ग्राहकाचा मेल आला: बिल मंजूर, दहा टक्के टीडीएस म्हणजे ९,६०० कापले, उरलेले ८६,४०० शुक्रवारी जमा होतील. तो शुक्रवार काही उगवला नाही. जुलैत विवरणपत्र भरायला बसली तेव्हा फॉर्म २६एएसमध्ये ते ९,६०० सुद्धा दिसेनात. आता थकलेली रक्कम आणि कापलेला कर, दोन्हींचा आधार तो एकच मेल.

तिने शहाणपणाने त्याची पीडीएफ काढून ठेवली होती. वकिलांनी ती पाहिली आणि विचारलं, "यात ग्राहक नुसतं ‘ओके’ म्हणतोय. कशाला ओके?"

झालं होतं असं की ग्राहकाने तिच्या मुद्द्यांच्या खाली एकेक उत्तर लिहिलं होतं. जीमेलमध्ये अख्खा संवाद एकदम छापला की आधीचा मजकूर गळतो आणि त्या जागी [Quoted text hidden] एवढंच उरतं. हवा तो एकच मेल उघडून, त्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून Print केलं असतं तर मुद्दे शाबूत राहिले असते. जोडलेलं बिलही पीडीएफमध्ये नव्हतं, फक्त त्याचं नाव होतं. जोडपत्रं वेगळी उतरवून घ्यावी लागतात. मेलमध्ये बिलाची नुसती लिंक असेल तर त्याच दिवशी, कारण लिंक कधी मरेल सांगता येत नाही.

वाचायला, सीएला पाठवायला पीडीएफ उत्तम. पण "हा मेल मी पाठवलाच नाही" असं समोरचा म्हणाला की तिची ताकद संपते, कारण तसा कागद कुणीही टाइप करून बनवू शकतो. तेव्हा लागते मूळ मेलची .eml फाइल. त्याच तीन टिंबांत Download message आहे (संगणकावर, ब्राउझरमध्ये, फोनच्या अ‍ॅपमध्ये शोधत बसू नका). या फाइलमध्ये जोडपत्रं असतातच, शिवाय मेल कोणत्या सर्व्हरवरून, किती वाजता आला याच्या नोंदी असतात. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची डीकेआयएम नावाची सहीही बहुधा असते. Show original उघडलं की DKIM समोर PASS दिसतं ते तिचंच. .eml तशी साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडून ८६ चे ९६ करता येतील. पण मग सही जुळत नाही. मात्र सर्व्हरवाले सहीच्या किल्ल्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे काही वर्षांनी ती तपासता येईलच असं नाही. म्हणून फाइल काढली तरी मूळ मेल खात्यातून पुसू नये. आणि सही सर्व्हरची असते. कीबोर्डवर कोण बसलं होतं हे ती सांगत नाही.

पुष्कळ मेल असतील तर त्यांना एक लेबल लावून Google Takeout मधून तेवढंच लेबल मागवावं. सगळे मेल एका .mbox फाइलमध्ये येतात. ती दुहेरी टिचकीने उघडत नाही, थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये आयात करावी लागते.

कोर्टात जायचं तर आणखी एक कागद लागतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. वाद होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच हजर करता येत नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. जीमेलचा सर्व्हर काही कोर्टात आणता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक प्रत देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचा हॅश लिहायचा. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी सगळाच बदलतो. विंडोजवर तो असा निघतो:

```
certutil -hashfile bill-manjur.eml SHA256
```

बहिणीचं नशीब, मूळ मेल खात्यात होता. ऑफिसच्या पत्त्यावर असता आणि नोकरी सुटली असती तर खातंच बंद. तिने .eml उतरवली, हॅश काढून त्याच दिवशी वकिलांना मेल केला, आणि नोटिशीबरोबर ती फाइल पेनड्राइव्हवर गेली. ग्राहकाने टीडीएसचं विवरण दुरुस्त केलं, ९,६०० आता २६एएसमध्ये दिसतात. ८६,४०० मधले निम्मे आलेत. पैसे वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यातलं दीड वर्ष संपलंय.