एक टक्का, पण कशाचा?

बिटकॉइनच्या पर्पेच्युअल कॉन्ट्रॅक्टची स्क्रीन उघडली, की नव्या माणसाची नजर आधी लिव्हरेजच्या पट्टीवर जाते. ५एक्स, १०एक्स, ५०एक्स. पट्टी किती ओढायची यावरच धोका ठरतो, असं त्याला वाटतं. ‘मी एका सौद्यात एक टक्क्याहून जास्त धोका घेत नाही’ असं सांगणारी पुष्कळ मंडळी प्रत्यक्षात एवढंच करतात, की खात्यातल्या पैशांचा शंभरावा भाग मार्जिन म्हणून लावतात आणि पट्टी वाटेल तिथे नेऊन ठेवतात. या एक टक्क्याचा जोखमीशी फारसा संबंध नाही.

आधी हा कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. निफ्टीच्या फ्युचर्सला एक्स्पायरी असते, याला नसते. पोझिशन हवी तितके दिवस ठेवता येते. एक्स्पायरी नाही म्हटल्यावर कॉन्ट्रॅक्टचा भाव खऱ्या बाजारभावापासून भरकटू शकतो. तो जागेवर राहावा म्हणून ठरावीक वेळाने, बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी, तेजीवाले मंदीवाल्यांना किंवा मंदीवाले तेजीवाल्यांना एक छोटी रक्कम देतात. तिला फंडिंग म्हणतात. बिटमेक्स या एक्स्चेंजने २०१६ मध्ये बिटकॉइनसाठी ही पद्धत आणली आणि पुढे क्रिप्टोच्या बाजारात तीच सगळीकडे रुळली.

आता हिशेब. समजा खात्यात २,००० यूएसडीटी आहेत आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे २० यूएसडीटी, गमवायची तयारी आहे. बिटकॉइन ६०,००० वर आहे. चार्ट पाहून आपलं मत झालं, की भाव ५८,८०० च्या खाली गेला तर आपला अंदाज चुकला. म्हणजे खरेदी ६०,००० ला आणि स्टॉपलॉस ५८,८०० ला, मधलं अंतर १,२०० चं. एक अख्खा बिटकॉइन घेतला तर स्टॉपला १,२०० जातील. आपल्याला २० च घालवायचे आहेत, म्हणून २० ला १,२०० ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ०.०१६६ बिटकॉइन.

यात शुल्क धरलेलं नाही. मार्केट ऑर्डरला प्रत्येक बाजूला ०.०५ टक्के पडतात असं धरू. एका बिटकॉइनमागे घेताना ३० आणि स्टॉपला विकताना २९.४०, म्हणजे खरं अंतर १,२५९.४० झालं. भागाकार पुन्हा केला की ०.०१५८ येतात. एक्स्चेंजवर ०.००१ च्या टप्प्यानेच क्वांटिटी टाकता येत असेल, तर खालचा आकडा घ्यायचा, ०.०१५. वरचा घेतला तर मर्यादा ओलांडली जाते. ०.०१५ बिटकॉइनची पोझिशन ९०० यूएसडीटीची होते आणि स्टॉप लागला तर शुल्कासकट १८.८९ जातात.

या गणितात लिव्हरेज कुठेच आलं नाही, आणि ते येतही नाही. क्वांटिटी ठरते खात्यातल्या पैशांवरून आणि स्टॉपच्या अंतरावरून. लिव्हरेज एवढंच ठरवतं, की या ९०० साठी किती पैसे अडकून पडतील: ५एक्सला १८०, १०एक्सला ९०, ५०एक्सला १८. स्टॉप लागला तर तिन्ही वेळा नुकसान तेवढंच.

मग ५०एक्स का घेऊ नये? कारण आयसोलेटेड मार्जिनमध्ये लिक्विडेशनचा भाव लिव्हरेजवर ठरतो. मेंटेनन्स मार्जिन ०.५ टक्के धरलं, तर १०एक्सला पोझिशन साधारण ५४,३०० ला कापली जाईल. तो भाव स्टॉपच्या बराच खाली आहे, त्यामुळे काळजी नाही. ५०एक्सला मात्र ती ५९,१०० लाच कापली जाते. आपला स्टॉप ५८,८०० ला आहे, म्हणजे तो लागण्याची वेळच येणार नाही. भाव ५९,००० ला टेकून पुन्हा वर गेला, तर आपला अंदाज बरोबर ठरूनही पैसे गेलेले असतील. म्हणून आधी क्वांटिटी काढायची, मग लिक्विडेशनचा भाव स्टॉपच्या पुष्कळ पलीकडे राहील इतकंच लिव्हरेज ठेवायचं. क्रॉस मार्जिन घेतलं तर लिक्विडेशन लांब जातं खरं, पण मग तारण म्हणून त्या वॉलेटमधली अख्खी शिल्लक मागे उभी असते.

आता या पद्धतीतली खरी खोच. स्टॉप जवळ आणला, की भागाकारातला खालचा आकडा लहान होतो आणि क्वांटिटी फुगते. तोच सौदा, पण स्टॉप १,२०० ऐवजी फक्त १५० खाली लावू. शुल्क धरून अंतर सुमारे २१० येतं, म्हणून क्वांटिटी ०.०९५. पोझिशन ५,७०० यूएसडीटीची झाली, खात्याच्या जवळजवळ तिप्पट. कागदावर जोखीम अजूनही २० च आहे. पण त्या २० मधले ५.६९ निव्वळ शुल्काचे आहेत, कारण शुल्क मार्जिनवर नाही, पूर्ण पोझिशनवर लागतं. फंडिंगचंही तसंच.

त्यात स्लिपेज आलं. स्टॉपलॉस ही त्याच भावाला विकण्याची हमी नसते. भाव तिथे पोचला की मार्केट ऑर्डर सुटते आणि समोर जो भाव असेल तो मिळतो. विक्री ६० डॉलर खाली झाली, तर पहिल्या पोझिशनमध्ये ९० सेंट जास्त जातात, दुसऱ्यात ५.७०. आणि भाव स्टॉप ओलांडून थेट खरेदीच्या तीन टक्के खाली जाऊन विक्री झाली, तर शुल्क सोडून पहिल्याचे २७ जातात आणि दुसऱ्याचे १७१, म्हणजे खात्याचे साडेआठ टक्के. वहीत दोघांनीही ‘जोखीम एक टक्का’ असंच लिहिलं होतं.

असे दिवस रोज येत नाहीत, पण येतात. १२ मार्च २०२० ला बिटकॉइन एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पडला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बिटमेक्सच काही वेळ बंद होतं. तेवढा वेळ तिथला कुणाचाच स्टॉप चालणार नव्हता. म्हणून टक्क्याच्या मर्यादेला दुसरी एक मर्यादा जोडणं मला आवश्यक वाटतं: पोझिशनची एकूण किंमत खात्यातल्या रकमेच्या अमुक पटीपलीकडे न्यायची नाही. माझ्या मते लहान खात्याला एक पट पुरे. वरच्या उदाहरणात जवळच्या स्टॉपने ०.०९५ आले, तरी ०.०३३ वरच थांबायचं. मग स्टॉप लागला तर २० ऐवजी सातच जातील आणि नफाही त्याच प्रमाणात कमी होईल.

बिटकॉइन, इथेरियम आणि सोलाना, तिन्हींत एकाच वेळी तेजीची पोझिशन असेल तर ही मर्यादा तिघांना मिळून लावायची. मोठ्या पडझडीत तिन्ही सहसा एकत्रच कोसळतात, आणि तीन वेळा लिहिलेला एक टक्का त्या दिवशी एकाच सौद्यातला तीन टक्के होतो.